अंदाजाचं बिल आणि न सांगितलेली फी

*ताई, सप्रेम नमस्कार. मी इंदूरला लोकमान्य नगरात राहतो, वय ६८. मार्चअखेर घरी फायबरचं ब्रॉडबँड घेतलं. महिना ६९९ चा प्लॅन, ३०० जीबीपर्यंत, बिल महिना संपल्यावर. एप्रिल-मेची बिलं ठीक आली. जूनचं मात्र ४,५७७ रुपये २२ पैशांचं आलंय. त्यात 'अंदाजित वापर ४६८ जीबी' असं लिहून जादा वापराचे १,६८० लावलेत आणि 'इन्स्टॉलेशन चार्जेस' म्हणून १,५००. ८ ते २५ जून आम्ही दोघं पुण्याला लेकीकडे होतो, फ्रिज रिकामा करून मेन स्विच पाडून गेलो होतो. जोडणी द्यायला आलेला मुलगा तर 'अंकल, लगाने का कुछ नहीं' म्हणाला होता, व्हॉट्सॲपवर तसं लिहूनही पाठवलं होतं. कस्टमर केअरला चार वेळा फोन केला. 'सिस्टीम से जनरेट हुआ है' एवढंच उत्तर मिळतं. चिडून दोन पानी तक्रारपत्र लिहिलंय, प्रत सोबत जोडतो. पाठवू का? आणि बिल भरू की नको? शेवटची तारीख १८ जुलै आहे.*

काका, नमस्कार.

ते दोन पानी पत्र पाठवू नका. तुमचा राग रास्त आहे, पण त्या दोन पानांत कामाच्या ओळी मला सहाच सापडल्या, आणि त्याही दुसऱ्या पानावर. तक्रारी वाचणाऱ्या माणसाच्या समोर अशा पत्रांचा ढीग असतो. तो पहिल्या चार ओळींत रक्कम, तारीख आणि मागणी शोधतो. ती सापडली नाही की 'ग्राहक नाराज, बिल समजावून सांगितले' असा शेरा मारून तक्रार बंद करतो. निवृत्तीआधी मी अकरा वर्षं एका दूरसंचार कंपनीच्या बिलिंग विभागात काढली, आणि असे शेरे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहेत.

तुमच्या हातात एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही. बिलावर त्यांनी स्वतःच 'अंदाजित' हा शब्द छापलाय. म्हणजे मोजलेला आकडा आमच्याकडे नाही, हे त्यांनी लिहून दिलंय. तुमची सगळी तक्रार या एका शब्दावर उभी करायची.

विजेच्या बिलात 'सरासरी' हा प्रकार आपल्या अंगवळणी पडला होता. रीडिंग घ्यायला माणूस आला, दाराला कुलूप दिसलं, मग मागच्या महिन्यांवरून आकडा टाकला, असं चालायचं. ब्रॉडबँडमध्ये ही अडचणच नाही. तुमच्या घरात भिंतीवर जो पांढरा डबा लावलाय, तो सुरू होऊन कंपनीच्या जाळ्यात शिरला की त्यांच्या सर्व्हरवर तुमच्या नावाचं एक सत्र उघडतं. मग ठरावीक वेळाने त्यात नोंद पडत राहते, की या सत्रात आत्तापर्यंत इतकं उतरलं आणि इतकं वर गेलं. डबा बंद झाला की सत्र मिटतं आणि शेवटचा आकडा लिहिला जातो. महिन्याभरातल्या अशा सगळ्या सत्रांची बेरीज म्हणजे तुमचा वापर. तुमच्या दाराला कुलूप असलं तरी ही नोंद होते, कारण वही त्यांच्याच घरात आहे.

मग अंदाजाची वेळ का येते? ती दोन-तीन कारणांनी येते. लाइट गेली किंवा तुम्ही केलंत तसा मेन स्विच एकदम पाडला, की डबा 'मी जातोय' असं न सांगताच बंद पडतो. अशा वेळी डबा उत्तर देत नाही हे ओळखून सर्व्हरने सत्र आपणच मिटवायचं असतं. ते झालं नाही तर तुमचं ८ जूनला उघडं राहिलेलं सत्र २५ जूनपर्यंत उघडंच दिसतं, आणि आकडा नसलेल्या त्या दिवसांत बिलिंगचं सॉफ्टवेअर काहीतरी सरासरी भरून मोकळं होतं. दुसरं कारण, नोंदींचा एखादा भाग सर्व्हर बदलताना किंवा बिघाडात गहाळ होतो. तिसरी चूक अधिक वाईट. मधल्या नोंदी एकत्रित आकड्याच्या असतात, म्हणजे पहिली नोंद २ जीबी, दुसरी ४, तिसरी ६, तर खरा वापर ६ जीबी. कुणी त्या तिन्हींची बेरीज केली तर १२ होतात. तुमच्या बाबतीत नेमकं कुठे बिनसलं हे तुम्ही शोधून काढायचं नाही. तुम्ही फक्त वही मागायची.

वही म्हणजे १ ते ३० जूनची सत्रनिहाय नोंद. प्रत्येक सत्र कधी सुरू झालं, कधी संपलं, किती उतरलं, किती चढलं. 'प्रायव्हसीमुळे देता येत नाही' असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. या नोंदीत तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते नसतं, फक्त वेळ आणि मोजमाप असतं, आणि ते तुमचंच आहे. बऱ्याच कंपन्यांच्या ॲपमध्ये रोजचा वापर दिसतो. तुमच्या ॲपमध्ये दिसत असेल तर आजच जूनचे सगळे दिवस उघडून स्क्रीनशॉट घ्या, मागच्या दोन महिन्यांचेही. तक्रार केल्यावर पान बदललं तर मग हातात काही राहत नाही.

आता आकड्यांकडे बघू. तुम्ही पाठवलेल्या बिलांवर एप्रिलमध्ये १७६ जीबी आणि मेमध्ये १८८ जीबी वापर आहे. म्हणजे दिवसाला साधारण ६ जीबी. जूनमध्ये तुम्ही घरी होतात १ ते ७ आणि २६ ते ३०, मिळून १२ दिवस. नेहमीच्या वेगाने ७२ जीबीच्या आसपास खर्च व्हायला हवा. ४६८ जीबी १२ दिवसांत वापरायचे तर दिवसाला ३९ जीबी लागतात. एचडीत चित्रपट बघायला तासाला साधारण ३ जीबी लागतात, म्हणजे तुम्ही दोघांनी त्या १२ दिवसांत रोज १३ तास टीव्हीसमोर बसायला हवं होतं. हे गणित पत्रात दोन ओळींत घाला. मोजणीचा पुरावा म्हणून नाही, पण वाचणाऱ्याला आकडा किती अशक्य आहे हे लगेच कळतं.

पुरावा म्हणून तुमच्याकडे याहून भक्कम गोष्ट आहे. तुमच्याकडे विजेचा स्मार्ट मीटर बसवलेला असेल तर वीज कंपनीच्या ॲपमध्ये रोजचे युनिट दिसतात. मेन स्विच पाडला होता, म्हणजे ९ ते २४ जून शून्य दिसायला हवं. ज्या घरात वीज नाही तिथे फायबरचा डबा चालू शकत नाही. हे पान छापून पत्राला जोडा. एक गोष्ट मात्र आधी खात्रीने बघा. डबा इन्व्हर्टरवर आहे का? असला तरी मेन बंद असताना बॅटरी काही तासांत, फार तर दिवसा-दोन दिवसांत उतरते, अठरा दिवस टिकत नाही. पण हा प्रश्न त्यांनी विचारण्याआधी तुम्हीच पत्रात उत्तर देऊन ठेवलंत तर बरं. स्मार्ट मीटर नसेल तर पुण्याची जाण्या-येण्याची तिकिटं जोडा. ती कमी ताकदीची आहेत, कारण 'घरी दुसरं कुणी असेल' असं म्हणायला जागा राहते.

आणखी एक तपासा. २०१६ मध्ये दूरसंचार नियामकाने, म्हणजे ट्रायने, ब्रॉडबँड कंपन्यांना सांगितलंय की मर्यादेचा प्लॅन असेल तर ५० टक्के, ९० टक्के आणि १०० टक्के वापर झाल्यावर ग्राहकाला एसएमएसने किंवा ईमेलने कळवायचं. तुमचा प्लॅन ३०० जीबीचा. ४६८ खरोखर वापरले असते तर १५०, २७० आणि ३०० वर तीन संदेश आले असते. काकूंचा फोन, तुमचा फोन, मुलीने भरून दिलेला ईमेल, तिन्ही ठिकाणी जूनचे संदेश शोधा. एकही सापडला नाही तर ते पत्रात लिहा. मोजणी होत असती तर संदेश गेला असता, हे बिलिंगच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

इन्स्टॉलेशनच्या १,५०० चं प्रकरण वेगळं आहे आणि ते वेगळंच ठेवायचं. मी बघितलेल्या प्रकरणांत या नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. कधी ती खरंच जोडणीची फी असते आणि विक्रेत्याने 'माफ' म्हणून सांगितलेली असते, पण सिस्टीममध्ये माफीची नोंद केलेली नसते. कधी फी माफ असते, पण 'सहा महिने सेवा चालू ठेवली तर' या अटीवर, आणि ती अट फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असते. आणि कधी ते डब्याचं अनामत असतं, जे चुकून फीच्या रकान्यात जातं. तिसरा प्रकार ओळखायची सोपी खूण म्हणजे जीएसटी. परत मिळायच्या अनामतीवर जीएसटी लागत नाही. तुमच्या बिलात १,५०० वर १८ टक्के लावलेत, म्हणजे कंपनीने ती स्वतः फी मानली आहे. उद्या कुणी 'अंकल, ये तो डिपॉज़िट है, वापस मिल जाएगा' म्हणाला तर त्याला बिलातली जीएसटीची ओळ दाखवा.

जोडणी मार्चअखेरची आणि फी जूनच्या बिलात, ही विसंगतीही पत्रात मांडा. त्यांच्याकडे तीन गोष्टी मागा: तुमच्या सहीच्या किंवा ई-केवायसी झालेल्या मूळ अर्जाची प्रत, त्या प्लॅनचा दरतक्ता, आणि हे १,५०० कुठल्या तारखेच्या, कुठल्या कामाचे आहेत त्याची नोंद. जूनमध्ये तुमच्या घरी कुणी तंत्रज्ञ आलाच नसेल तर तेही स्पष्ट लिहा. सेवा देण्याआधी दरांची माहिती ग्राहकाला द्यायची, असं ट्रायच्या मीटरिंग आणि बिलिंगच्या नियमांतही आहे. त्या मुलाचा व्हॉट्सॲप संदेश जपून ठेवा. स्क्रीनशॉट घेताना वर त्याचा नंबर आणि तारीख दिसू द्या, नुसतं वाक्य कापून घेऊ नका. आणि त्या मुलावर राग काढू नका. त्याला वरून जे सांगितलं ते त्याने तुम्हाला सांगितलं. तुमचा व्यवहार कंपनीशी आहे.

आता पैसे. पूर्ण बिल अडवून ठेवू नका, कारण मग तुम्ही थकबाकीदार दिसता आणि ते सेवा तोडतात. पूर्ण भरूही नका. वाद नसलेला भाग म्हणजे ६९९ आणि त्यावरचा जीएसटी १२५ रुपये ८२ पैसे, एकूण ८२४ रुपये ८२ पैसे. तेवढे १८ जुलैच्या आत भरा. वादातला भाग १,६८० अधिक १,५००, म्हणजे ३,१८०, आणि त्यावरचा जीएसटी ५७२ रुपये ४० पैसे, एकूण ३,७५२ रुपये ४० पैसे. दोन्ही मिळून तुमच्या बिलाचा आकडा पुरा होतो, हे मी जुळवून बघितलंय. ॲप अर्धवट रक्कम घेत नसेल तर ऑफिसात जाऊन भरा आणि पावतीवर 'जूनच्या बिलापोटी, वाद नसलेली रक्कम' असं लिहून घ्या. यूपीआयवर ऑटोपे लावलेलं असेल तर आजच थांबवा. नाहीतर पत्र पोचायच्या आधी साडेचार हजार खात्यातून गेलेले असतील आणि मग तुम्ही परत मागणारे होता. कापण्याआधी किमान २४ तास संदेश येतो, पण तो रात्री आला तर पाहायचा राहतो.

पत्र असं लिहा. इंदूरच्या ऑफिसात ते हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावं लागेल, नातवाकडून उतरवून घ्या. मराठीत देते, म्हणजे आशय तुमच्या मनासारखा आहे की नाही ते तुम्हाला ठरवता येईल.

*विषय: जूनच्या बिलातील ३,७५२ रुपये ४० पैशांबाबत दोन स्वतंत्र तक्रारी. ग्राहक क्रमांक …, बिल क्रमांक …, बिल तारीख ….*

*महोदय, वादात नसलेले ८२४ रुपये ८२ पैसे मी दि. … रोजी भरले आहेत (पावती जोडली आहे).*

*तक्रार एक. बिलात ४६८ जीबी वापर 'अंदाजित' म्हणून दाखवून १,६८० रुपये अधिक जीएसटी आकारले आहेत. ८ ते २५ जून घर बंद होते व वीजपुरवठा मेन स्विचपासून बंद होता (वीज मीटरची दैनिक नोंद जोडली आहे, उपकरण इन्व्हर्टरवर नाही). एप्रिल व मेचा वापर अनुक्रमे १७६ व १८८ जीबी होता. ५०, ९० व १०० टक्के वापराचा एकही संदेश मला आलेला नाही. कृपया १ ते ३० जूनची सत्रनिहाय नोंद द्यावी आणि अंदाज कोणत्या आधारावर केला ते लेखी कळवावे. मोजलेली नोंद नसल्यास ही आकारणी जीएसटीसह रद्द करावी.*

*तक्रार दोन. मार्चमध्ये झालेल्या जोडणीसाठी जूनच्या बिलात १,५०० रुपये अधिक जीएसटी आकारले आहेत. जोडणी विनामूल्य असल्याचे आपल्या प्रतिनिधीने लेखी कळवले होते (संदेश जोडला आहे). जूनमध्ये माझ्या घरी कोणतेही काम झालेले नाही. मूळ अर्जाची प्रत, लागू दरतक्ता आणि कामाची नोंद द्यावी, अन्यथा ही आकारणी रद्द करावी.*

*दोन्ही तक्रारींना स्वतंत्र क्रमांक द्यावेत. निर्णय होईपर्यंत वादग्रस्त रकमेवर विलंब शुल्क लावू नये व सेवा खंडित करू नये.*

एवढंच. 'लूट', 'फसवणूक', 'कोर्टात खेचीन' यातलं काही नको. शेवटून दुसरं वाक्य मी मुद्दाम घातलंय. दोन्ही गोष्टी एका क्रमांकाखाली गेल्या की त्यातली सोपी गोष्ट सोडवून, म्हणजे बहुधा इन्स्टॉलेशनची फी वजा करून, सगळी तक्रार 'निकाली' म्हणून मिटवतात आणि ४६८ जीबी तसेच राहतात. हे मी इतक्यांदा पाहिलंय की दोन क्रमांक घेतल्याशिवाय तुम्ही काउंटर सोडू नये असं मला वाटतं. ईमेलने पाठवलंत तरी तेच. तक्रार नोंदवल्यावर क्रमांक देणं त्यांना बंधनकारक आहे.

बिलाच्या तक्रारीवर निर्णय द्यायला त्यांना जास्तीत जास्त सहा आठवडे असतात. निर्णय आला नाही किंवा पटला नाही, तर तिथून ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे जायचं. त्याचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर असतो, अपिलाला फी नाही, आणि त्याने ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. अपिलात नवीन काही लिहू नका, दोन्ही तक्रारींचे क्रमांक, हीच प्रत आणि 'सत्रनिहाय नोंद मागितली, मिळाली नाही' हे वाक्य पुरे. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिकडे पत्र पाठवण्यात वेळ घालवू नका. मध्ये कधी अडलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, ते कंपनीशी मध्यस्थी करतात.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता तिथल्याच, म्हणजे इंदूरच्याच आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्य ऑफिस कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. टेलिकॉमची प्रकरणं ग्राहक आयोगात चालत नाहीत असं कंपनीचे वकील पूर्वी म्हणायचे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो मुद्दा निकालात काढला आहे. पण खरं सांगायचं तर, तुमच्यासारख्या स्वच्छ प्रकरणात तिथवर जावं लागेल असं मला वाटत नाही. नोंद मागितली की 'अंदाजित' लिहिणाऱ्या माणसाला वही उघडावी लागते, आणि ८ जूननंतर ती कोरी असेल तर आकारणी मागे घेण्यावाचून त्याच्याकडे उत्तर नसतं.

एका गोष्टीची तयारी ठेवा. कस्टमर केअर बहुतेक फोन करून म्हणेल, 'अंकल, पाचशे कम कर देते हैं, कंप्लेंट बंद कर दें?' तेव्हा 'मला ईमेलवर लिहून पाठवा' एवढंच सांगा आणि फोनवर हो म्हणू नका. तो होकार नोंदवला जातो आणि तक्रार 'ग्राहकाच्या संमतीने' बंद होते. दोन्ही रकमा मिळून ३,७५२ रुपये ४० पैसे कमी झाल्याचं बिल हातात आल्यावरच तक्रार मिटवू द्या.

ऑफिसात जाल तेव्हा पत्राच्या दोन प्रती न्या. एकीवर त्यांचा शिक्का, तारीख आणि दोन्ही क्रमांक लिहून घ्या आणि ती घरी बिलांच्या फाइलीत लावा. शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर वाद न घालता बाहेर पडा आणि तेच पत्र स्पीड पोस्टने पाठवून पावती त्याच फाइलीत ठेवा. जुलैचं बिल आलं की त्यात ही रक्कम 'मागील बाकी' म्हणून तर आली नाही ना, ते बघून मला कळवा.